तीन कॉलमांच्या कात्रणाचा स्क्रीनशॉट: ओळींचा क्रम आणि चिकटलेले शब्द कसे सोडवायचे?

प्रश्न: आमच्या गावच्या तलावाविषयीच्या बातमीच्या कात्रणाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर आला आहे. मूळ अंक कुणाकडेच नाही. टेसरॅक्टने मजकूर काढला, तर तिन्ही कॉलमांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, शब्द चिकटले, काही मधेच तुटले. पहिल्या चार ओळी अशा आल्या आहेत:

गेल्या चार वर्षां वर्गणीतून निधी गाळ काढल्यावर
पासून रखडलेल्या उमाकेलाअसून तलावाची साठवण
तलावातील गाळ काढ शेतकऱ्यांनीस्वतः वाढेलवआसपासच्या
ण्याच्या कामाला ट्रॅक्टर दिले आहेत. विहिरींचे पाणी

यातून मूळ बातमी जशीच्या तशी परत कशी मिळवायची?

उत्तर:

आधी क्रम लावा, शब्दांना नंतर हात घाला. बहुतेक जण उलटे करतात, कारण चिकटलेले शब्द डोळ्यांना आधी खुपतात. पण तुमच्या पहिल्याच ओळीत ‘वर्षां’ या अर्धवट शब्दाशेजारी ‘वर्गणीतून’ येऊन बसले आहे. हे खोटे शेजारी आहेत. ‘वर्षां’चा खरा जोडीदार ‘पासून’ खालच्या ओळीच्या सुरुवातीला आहे. क्रम लावण्याआधी शब्द जोडायला गेलात, तर चुकीचे तुकडे एकमेकांना चिकटतील आणि ते पुन्हा सोडवायला चित्रापाशीच परत जावे लागेल.

मी बरीच वर्षे जुन्या कात्रणांचे मजकूर टंकून आणि तपासून देण्याचे काम करतो आहे. पाठवलेले चित्र उघडून पाहिले. ते ७२० पिक्सेल रुंद आहे, एकेक कॉलम साधारण २१० पिक्सेलचा आणि दोन कॉलमांमधली मोकळी पट्टी जेमतेम १८ पिक्सेलची. सगळ्या गोंधळाचे मूळ या १८ पिक्सेलांत आहे. वर्तमानपत्राचा कॉलम अरुंद असतो आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या असतात, म्हणून एखाद्या ओळीत शब्दांमधली जागा ताणली जाते. अशा ओळीत दोन शब्दांमधली फट आणि कॉलमांमधली पट्टी जवळजवळ सारख्याच दिसतात. टेसरॅक्ट कॉलम ओळखतो तो ओळींच्या सुरुवाती आणि शेवट एका उभ्या रेषेत येतात का, हे पाहून. तुमच्या बातमीत मथळ्याखाली प्रत्येक कॉलमात सातच ओळी आहेत. एवढ्याशा पुराव्यावर त्याला ती रेषा सापडली नाही आणि तो डावीकडून उजवीकडे सरळ वाचत गेला.

म्हणून कॉलम ओळखण्याचे काम त्याच्यावर सोपवू नका. चित्र मोठे करून डोळ्यांनी पट्ट्या पाहा, प्रत्येक कॉलम वेगळा कापा आणि एकेक वाचायला द्या. इमेजमॅजिक वापरत असाल, तर पहिल्या कॉलमासाठी एवढे पुरे:

```
magick katran.png -crop 214x200+18+160 +repage -colorspace Gray -resize 300% k1.png
tesseract k1.png k1 -l mar --psm 6
```

`-crop` नंतरचे चार आकडे म्हणजे रुंदी, उंची, डावीकडून अंतर आणि वरून अंतर. दुसऱ्या कॉलमासाठी १८ च्या जागी २४६ आणि तिसऱ्यासाठी ४७४ घाला. फाइलचे नाव `k2`, `k3` करायला विसरू नका. `--psm 6` म्हणजे समोर मजकुराचा एकसंध ठोकळा आहे, मांडणी शोधत बसू नको. तिप्पट मोठे केल्याने नवी माहिती येत नाही, हे खरे. पण या चित्रात शिरोरेषेपासून तळापर्यंत अक्षर बाराएक पिक्सेलचे आहे आणि टेसरॅक्टला इतके बारीक अक्षर नीट वाचता येत नाही. पस्तीसच्या आसपास नेले की माझ्या अनुभवात फरक लगेच दिसतो.

मथळा वेगळा कापा. फोटोओळ आणि चौकट असली, तर त्याही वेगळ्या कापा. तुमच्या कात्रणात चौकट नाही, पण पुढच्या कात्रणांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. बातमीच्या मध्यावर एखादा उपमथळा सगळ्या कॉलमांवर आडवा पसरलेला असेल, तर त्याच्या वरचे सगळे कॉलम आधी वाचायचे आणि मग खालचे. तोच उपमथळा एका कॉलमापुरता असेल, तर तो आडवा अडथळा नसतो. तो कॉलम तसाच खालपर्यंत वाचायचा. फोटोखालच्या आखूड कॉलमांत माणसेही चुकतात ती याच ठिकाणी.

कापून वाचल्यावर तुमचे तीन कॉलम असे निघतात. चुका अजून तशाच ठेवल्या आहेत.

पहिला:

गेल्या चार वर्षां
पासून रखडलेल्या
तलावातील गाळ काढ
ण्याच्या कामाला
सोमवारी सुरुवात
झाली. या कामासाठी
ग्रामस्थांनी लोक

दुसरा:

वर्गणीतून निधी
उमाकेलाअसून
शेतकऱ्यांनीस्वतः
ट्रॅक्टर दिले आहेत.
काढलेला गाळ पड
जमिनीवर टाकण्यात
येणार आहे.

तिसरा:

गाळ काढल्यावर
तलावाची साठवण
वाढेलवआसपासच्या
विहिरींचे पाणी
टिकेल, असे सरपंचां
नी सांगितले. काम
पावसापूर्वी संपेल.

आता क्रम तपासायचा. डावीकडून उजवीकडे हाच क्रम असणार, असे गृहीत धरू नका. ई-पेपरवरून कापलेल्या कात्रणांत कॉलम कधीकधी नव्याने रचलेले असतात, आणि दोन स्क्रीनशॉट जोडून केलेल्या चित्रात एखादा तुकडा वरखाली झालेला असतो किंवा दोनचार ओळी दोनदा आलेल्या असतात. खात्री होते ती सांध्यावर, म्हणजे एका कॉलमाची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ शेजारी ठेवून.

मराठीत हे तपासणे सोपे जाते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ते कुणाशी तरी लिंग-वचनाने बांधलेले असते. पहिला कॉलम ‘ग्रामस्थांनी लोक’ इथे संपतो. ‘ग्रामस्थांनी’ म्हटले की पुढे कुठेतरी ‘केला’, ‘केली’, ‘केले’ यांपैकी काहीतरी यायला हवे आणि ते कर्माप्रमाणे बदलायला हवे. दुसऱ्या कॉलमाच्या सुरुवातीला ‘निधी’ आहे आणि त्यापुढे ‘केला’ आहे. निधी पुल्लिंगी, केला पुल्लिंगी. सांधा बसला. तिसरा कॉलम लावून पाहा: ‘ग्रामस्थांनी लोक गाळ काढल्यावर तलावाची साठवण वाढेल’. ‘ग्रामस्थांनी’ला क्रियापदच मिळत नाही. म्हणजे पहिल्यानंतर दुसराच.

दुसऱ्या कॉलमाचा शेवट ‘येणार आहे.’ असा पूर्णविरामाने झाला आहे. असा सांधा काहीच पुरावा देत नाही, त्याच्यापुढे कुठलेही नवे वाक्य चालून जाते. पण पहिला सांधा पक्का झाला आणि उरला एकच कॉलम, तेव्हा प्रश्न संपला. चार-पाच कॉलमांच्या बातमीतही असेच करतो. वाक्याच्या मध्ये तुटलेले सांधे आधी पक्के करायचे. पूर्णविरामावर संपणारे कॉलम शेवटी उरतात आणि बहुधा त्यांना एकच जागा शिल्लक राहते. एखादा सांधा कुठल्याही क्रमाने बसलाच नाही, तर कात्रणाची एखादी ओळ कापली गेली आहे किंवा शेजारच्या बातमीचा कॉलम आत आला आहे, असे समजा.

क्रम लागला. आता ओळीअखेर तुटलेले शब्द. काही वर्तमानपत्रे शब्द तोडताना संयोगचिन्ह देतात, काही देत नाहीत. तुमच्या कात्रणात ते नाही. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रश्न असतो: इथे शब्द संपला की तुटला? याची बरीच उत्तरे आपली भाषाच देते.

सर्वांत पक्की खूण म्हणजे ‘ण’ आणि ‘ळ’. मराठी शब्द या अक्षरांनी सुरू होत नाही. ओळ ‘ण्याच्या’ने सुरू झाली की ती मागच्या ‘काढ’ला जोडायचीच: ‘काढण्याच्या’.

दुसरी खूण ओळीच्या शेवटच्या अनुस्वाराची. ‘वर्षां’ किंवा ‘सरपंचां’ हे अनेकवचनाचे सामान्यरूप आहे आणि ते एकटे उभे राहू शकत नाही. त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागतेच. म्हणून ‘वर्षांपासून’ आणि ‘सरपंचांनी’. ही खूण आजच्या लेखनाला लागू पडते. कात्रण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे असेल, तर ‘नाहीं’, ‘घरीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार पूर्ण शब्दांवरही सापडतील. तिथे ही खूण वापरू नका.

तिसरी खूण कच्ची आहे. ओळीच्या सुरुवातीला ‘साठी’, ‘मुळे’, ‘मध्ये’, ‘पर्यंत’ आले, तर ते मागच्या शब्दाला जोडले जाण्याची शक्यता मोठी, कारण मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला लागूनच लिहायचे असते. पण ‘साठी’ म्हणजे वयाची साठी आणि ‘मुळे’ म्हणजे झाडाची मुळे हेही शब्द आहेत. ‘वर’ तर स्वतंत्र म्हणूनही सर्रास येतो. ही जोडणी डोळ्यांनीच करावी, यंत्राला देऊ नये.

पहिल्या दोन खुणा मात्र यंत्राला देता येतात. तिन्ही कॉलमांचा मजकूर पक्क्या क्रमाने `sarva.txt` मध्ये एकाखाली एक ठेवा आणि हे चालवा:

```python
import re
t = open("sarva.txt", encoding="utf-8").read()
t = t.replace("\f", "").strip()
t = re.sub(r"\n+(?=[णळ])", "", t)
t = re.sub(r"([ाी]ं)\n+", r"\1", t)
t = re.sub(r"\n+", " ", t)
open("saral.txt", "w", encoding="utf-8").write(t)
```

`\f` काढायचा, कारण टेसरॅक्ट प्रत्येक चित्राच्या शेवटी पानतोडीचे अदृश्य चिन्ह टाकतो आणि ते नेमके सांध्यावर बसते. परिच्छेद जपायचे असतील, तर ही आज्ञा चालवण्याआधी परिच्छेदाच्या सुरुवातीला स्वतःची एखादी खूण घालून ठेवा, कारण शेवटून दुसरी ओळ सगळ्या ओळी एकत्र करते. आणि यात भर घालताना `\w` किंवा `\b` वापरू नका. पायथनचा `re` काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. त्याला ‘मध्ये’ हा एक शब्द नसून तुकडे दिसतात आणि मग जोडण्या भलत्याच ठिकाणी होतात. मोकळी जागा आणि विरामचिन्हे उघडपणे लिहून शोधा.

आता उरले ते एकाच ओळीत चिकटलेले शब्द. ते का चिकटतात, हे कळले तर कुठे शोधायचे तेही कळते.

आपल्या लिपीत दोन शब्द वेगळे दिसतात ते शिरोरेषा तुटते म्हणून. तुमच्या चित्रात ही तूट साध्या ओळीत चार पिक्सेलची आहे आणि दाटून बसवलेल्या ओळीत दोनच पिक्सेलची. व्हॉट्सअ‍ॅपने चित्र दाबले की ती दोन पिक्सेलची फट करड्या रंगाने भरून जाते. यंत्राला शिरोरेषा सलग दिसते आणि दोन शब्दांचा एक होतो.

याच कारणाने आणखी एक गोष्ट होते. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांत मोठा फरक शिरोरेषेच्या तुटीचाच आहे. ती तूट बुजली की ‘भ’चा ‘म’ होतो आणि ‘धरण’चे ‘घरण’ होते. तुमच्या दुसऱ्या कॉलमात ‘उमाकेलाअसून’ आले आहे ते यामुळेच. तिथे ‘उभा’ असणार. निधी उभा केला. म्हणून ज्या ओळीत ‘भ’चा ‘म’ झालेला दिसेल, त्या ओळीतले शब्दही चिकटले आहेत का, ते पाहायचेच. दोन्ही दुखणी एकाच डागाची असतात. उलटही घडते: चित्र स्वच्छ असेल, तर ‘भ’, ‘ध’ यांच्या डोक्यावरची नैसर्गिक तूट यंत्राला शब्दांमधली जागा वाटते आणि ‘विधान’चे ‘वि धान’ होते.

बुजलेली फट पुष्कळदा परत उघडता येते. करडा रंग पूर्ण काळ्यापेक्षा फिका असतो, म्हणून अगदी काळे तेवढेच ठेवून बाकी सगळे पांढरे करायचे:

```
magick k2.png -threshold 45% k2-ughad.png
tesseract k2-ughad.png k2-ughad -l mar --psm 6
```

टक्केवारी कमी केली की फटी उघडतात. पण त्याबरोबर बारीक रेघाही जातात, अनुस्वार उडतात, रफार तुटतात. म्हणून या दुसऱ्या वाचनातली अक्षरे घेऊ नका, फक्त शब्दांमधल्या जागा घ्या. अक्षरे पहिल्या वाचनातली आणि जागा दुसऱ्या वाचनातल्या, दोन्ही फाइली शेजारी ठेवून. तुमच्या दुसऱ्या कॉलमात ४५ टक्क्यांवर ‘शेतकऱ्यांनी स्वतः’ वेगळे झाले आणि त्याच वेळी ‘शेतकऱ्यांनी’वरचा अनुस्वार गायब झाला.

तिसऱ्या कॉलमातले ‘वाढेलवआसपासच्या’ मात्र उघडले नाही. इथे लिपीची आणखी एक खूण कामाला येते. ‘अ’ किंवा ‘आ’ हा सुटा स्वर मराठी शब्दाच्या पोटात क्वचितच येतो. ‘ई’, ‘ऊ’, ‘ए’ येतात, जसे ‘आई’, ‘पाऊस’. पण चिकटलेल्या लांब शब्दात मधेच ‘आ’ दिसला, तर तिथून नवा शब्द सुरू होतो असे धरून पाहावे. म्हणून ‘वाढेलव’ आणि ‘आसपासच्या’. ‘वाढेलव’ असा शब्द नाही, म्हणजे ‘वाढेल व’. हा एकाक्षरी ‘व’ फार वेळा हरवतो, कधी मागच्या शब्दाला चिकटतो, कधी पुढच्या. ‘न’चेही तसेच. दोन क्रियापदांच्या किंवा दोन नामांच्या मध्ये काही खटकले, तर आधी ‘व’ शोधा.

काही ठिकाणी भाषा दोन्ही बाजूंनी साक्ष देते. एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी मी जुनी कात्रणे उतरवत होतो. एका ओळीत ‘शेतकऱ्यांनाही मदत मिळाली’ असे आले आणि मी ते तसेच दिले. छापून झाल्यावर मूळ अंक मिळाला. त्यात ‘शेतकऱ्यांना ही मदत मिळाली’ होते. पहिल्याचा अर्थ शेतकऱ्यांनासुद्धा मिळाली, दुसऱ्याचा अर्थ आधी सांगितलेली ती मदत शेतकऱ्यांना मिळाली. दोन्ही वाक्ये शुद्ध. मदत स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘ही’ सर्वनाम म्हणूनही बसते. तिथे ‘अनुदान’ असते, तर सर्वनाम ‘हे’ झाले असते आणि ‘ही’ म्हणजे ‘सुद्धा’च, असे छातीठोकपणे सांगता आले असते. त्या चुकीने कुणाचे आर्थिक नुकसान झाले नाही, पण बातमीचा अर्थ बदलला आणि ती बदललेली बातमी आज छापील स्वरूपात लोकांच्या घरी आहे. तेव्हापासून जिथे फट चित्रातही दिसत नाही आणि व्याकरणही निर्णय देत नाही, तिथे मी उभी रेघ घालतो: ‘शेतकऱ्यांना|ही’. वाचणाऱ्याला कळते की इथे जागा होती की नव्हती, हे ठरलेले नाही.

तुमच्या बातमीचा मजकूर माझ्या वाचनाप्रमाणे असा होतो:

गेल्या चार वर्षांपासून रखडलेल्या तलावातील गाळ काढण्याच्या कामाला सोमवारी सुरुवात झाली. या कामासाठी ग्रामस्थांनी लोकवर्गणीतून निधी उभा केला असून शेतकऱ्यांनी स्वतः ट्रॅक्टर दिले आहेत. काढलेला गाळ पड|जमिनीवर टाकण्यात येणार आहे. गाळ काढल्यावर तलावाची साठवण वाढेल व आसपासच्या विहिरींचे पाणी टिकेल, असे सरपंचांनी सांगितले. काम पावसापूर्वी संपेल.

‘लोकवर्गणीतून’ मी जोडून घेतले, कारण ‘ग्रामस्थांनी’ आणि ‘निधी’ यांच्यामध्ये सुट्या ‘लोक’ला काही कामच नाही. ‘काम’ आणि ‘पावसापूर्वी’ सुटे ठेवले, ते उघड आहे. ‘पड’ आणि ‘जमिनीवर’ यांच्यामध्ये मात्र ओळ तुटली आहे, म्हणून चित्र काही सांगू शकत नाही आणि जोडून किंवा सुटे, अर्थ एकच राहतो. त्याच वर्तमानपत्राची त्याच काळातली दुसरी कात्रणे तुमच्याकडे असतील, तर त्यांत हा शब्द ओळीच्या मध्ये कसा छापला आहे ते पाहा आणि तसा करा. नसतील, तर रेघ राहू द्या.

शेवटी शोधण्याविषयी. ‘शेतकऱ्यांनी’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: एकदा `ऱ` या स्वतंत्र अक्षराने आणि एकदा साध्या `र` ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका प्रकाराने शोधले की दुसरा सापडत नाही. कात्रणे बरीच असतील, तर सगळीकडे `ऱ` करून घ्या. कॉलमनिहाय ओळी जशाच्या तशा असलेली `k1.txt`, `k2.txt`, `k3.txt` मात्र पुसू नका. उद्या मूळ अंक मिळाला, तर पडताळणी ओळीला ओळ लावूनच करता येते आणि सलग केलेल्या मजकुरात ओळ कुठे तुटली होती, हे कुठेच उरलेले नसते.